रेशनकार्ड: आजीचं नाव कमी करायचंय, बायकोचं आणि बाळाचं चढवायचंय. आधी काय करू?

वांगी_भरीत
नमस्कार मंडळी. मराठवाड्यातलं गाव, केशरी कार्ड, प्राधान्य कुटुंबाचं. कार्डावर पाच नावं आहेत: आजी (कुटुंबप्रमुख म्हणून तिचाच फोटो), आबा म्हणजे माझे वडील, आई, मी आणि धाकटा भाऊ. महिन्याला पंचवीस किलो मिळतं.

गेल्या वर्षी आषाढात आजी गेली. त्याआधी माझं लग्न झालंय, बायकोचं माहेर शेजारच्या जिल्ह्यात. चार महिन्यांपूर्वी मुलगी झाली, बाळंतपण माहेरी. आता बायकोचं नाव अजून सासऱ्यांच्या कार्डावर, मुलीचं कुठेच नाही, आणि आजीचं आमच्याकडे तसंच.

रेशनवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, "म्हातारीचं राहू द्या की, तुमचं काय जातंय? मशीनवर अंगठा तर तुमचाच लागतो." तालुक्याच्या बाहेर बसणारा एक संगणकवाला सगळ्याचे मिळून पंधराशे मागतोय. आबा म्हणतात, नवीन कार्ड आता माझ्या नावावर होईल, चांगला फोटो काढून आणू.

प्रश्न एवढाच: आधी कमी करायचं की आधी चढवायचं? का एकाच फेरीत दोन्ही होतं?

टपरीवरचा_चहा
एकाच फेरीत? तहसीलला? दादा, गेला बाजार तीन फेऱ्या धरा. पहिली साहेब मीटिंगला आहेत हे कळायला, दुसरी सर्व्हर बंद आहे हे कळायला.

निळू_देशी
पंधराशे कशाला देता? सगळं ऑनलाइन आहे आता. rcms.mahafood.gov.in वर पब्लिक लॉगिन करा, कार्डाचा बारा अंकी नंबर टाका, कागद चढवा, झालं. घरबसल्या होतं. लोकांनाच दलालाची सवय लागलीय.

टपरीवरचा_चहा
घरबसल्या अर्ज होतो. मंजुरी घरबसल्या होत नाही. माझा अर्ज दोन महिने कुणाच्या तरी लॉगिनला पडून होता. शेवटी प्रिंट काढून हातात नेऊन दिला तेव्हा हलला.

जुना_अव्वल_कारकून
तेवीस वर्षं महसुलात काढली, त्यातली सात पुरवठा शाखेत. सावकाश सांगतो, कारण इथे लोक तीन वेगवेगळ्या गोष्टींना एकच समजतात आणि तिथेच फेऱ्या वाढतात.

तुमचं नाव तीन ठिकाणी असतं. एक, हातातल्या पुस्तकात. दोन, संगणकात, त्या बारा अंकी नंबराखाली. तीन, धान्याच्या यादीत. पूर्वी पुस्तकात नाव लिहून साहेबांची सही-शिक्का झाला की काम संपायचं. दुकानदार पुस्तक बघून युनिट मोजायचा. आता दुकानदाराचं मशीन पुस्तक बघतच नाही. त्यामुळे पुस्तकात नाव आहे पण संगणकात नाही, असे शेकड्याने लोक आमच्या खिडकीवर यायचे आणि दुकानदाराला शिव्या घालायचे. संगणकात आहे पण धान्यात नाही, असेही असतात. त्याचं वेगळं सांगेन.

आता क्रम. वहिनींचं नाव आधी माहेरच्या कार्डावरून कमी व्हायला हवं. ते काम माहेरच्या तालुक्याचं, तुमच्या तहसीलला त्यात हात घालता येत नाही. एकच आधार दोन कार्डांवर चालत नाही, त्यामुळे तिकडे नाव असेपर्यंत इकडे नोंद पुढे सरकत नाही. कमी करण्याचा अर्ज म्हणजे नमुना ९, चढवण्याचा नमुना ८.

तुमच्या घरात मात्र आणखी एक गाठ आहे. आजी नुसत्या सदस्य नव्हत्या, प्रमुख होत्या. प्रमुखाचं नाव उचलून बाजूला करता येत नाही, त्या जागी आधी दुसरं कुणी बसवावं लागतं. म्हणजे अर्जात दोन गोष्टी हव्यात: आजींचं नाव मृत्यूमुळे कमी करणे आणि प्रमुख बदलणे. नुसता नमुना ९ दिलात तर परत पाठवतील, आणि परत का पाठवलं हे सांगणार नाहीत.

आबांना मात्र फोटो काढायची घाई करू नका म्हणावं. अन्नसुरक्षा कायदा २०१३ सालचा, त्याच्या कलम १३ मध्ये घरातली अठरा वर्षांवरची सगळ्यात मोठी बाई हीच कार्डाची प्रमुख. आजींनंतर तुमच्या आई.

वांगी_भरीत
आबांना वाचून दाखवलं. पाच मिनिटं गप्प बसले. मग म्हणाले, "तसंही घर तीच चालवते." आईने आतून ऐकलंय, आज जेवणात शिरा आहे.

सुगरण_नाही_मी
काका म्हणतात ते अगदी खरं. माझंच सांगते.

लग्नानंतर दीड वर्षाने माझं नाव माहेरून काढायला बाबा गेले. तिथल्या बाईंनी पुस्तकात माझ्या नावावर लाल पेनाने आडवी रेघ मारली, बाजूला तारीख, बारीक सही, आणि "नाव कमी केल्याचा दाखला" म्हणून एक छापील चिठ्ठी दिली. आई ती लाल रेघ बघून रडली होती. तिने माझ्या धाकट्या भावाला सांगितलं, कार्ड कपाटात आत ठेव, वर नको.

तर ती चिठ्ठी घेऊन आम्ही सासरच्या तालुक्याला गेलो. इथल्या माणसाने माझा आधार नंबर टाकला आणि म्हणाला, "ताई, तुम्ही अजून माहेरीच आहात." पुस्तकात रेघ मारलेली, दाखला दिलेला, पण संगणकातून काढलंच नव्हतं! परत माहेरी फोन, परत बाबांची फेरी, साडेतीन महिने गेले. तेवढ्या काळात मी कुठल्याच घरची नव्हते म्हणा ना. म्हणजे धान्य माहेरी येत होतं, पण माझ्या नावचं बाबा आणायचे नाहीत, त्यांना ते पटायचं नाही.

तेव्हा नुसत्या दाखल्यावर विश्वास ठेवू नका.

जुना_अव्वल_कारकून
ताईंनी नेमकं दुखणं सांगितलं. यावर घरबसल्या तपासायचा एक उपाय आहे, दमडी लागत नाही. mahaepos.gov.in उघडा, तिथे RC Details मध्ये सासऱ्यांच्या कार्डाचा बारा अंकी नंबर टाका. कार्डावर सध्या कोणकोण आहे आणि कुठल्या महिन्यात किती धान्य उचललं, दोन्ही दिसतं. वहिनींचं नाव त्या यादीत असेपर्यंत तुमच्या तहसीलला जाऊच नका. यादीतून गेलं की दुसऱ्या दिवशी जा.

बारा अंकी नंबर पुस्तकावर लिहिलेला नसेल तर दुकानदाराकडून घ्या. पुस्तकाचा छापील क्रमांक वेगळा, तो टाकून उपयोग नाही.

कोकणचा_माका
आमच्याकडे पण वडील वारले. तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज दिला आहे, फेरफार अजून मंजूर नाही. बहिणींची नावं लागणार का? आणि मृत्यूचा दाखला मूळ प्रत द्यायची की झेरॉक्स?

टपरीवरचा_चहा
दादा, तो सातबारा. इथे रेशनकार्ड चाललंय.

कोकणचा_माका
हो का, सॉरी. पण रेशनकार्डावरून वडिलांचं नाव काढलं तर जमिनीच्या केसमध्ये अडचण येईल असं आमचे चुलते म्हणतात, म्हणून विचारलं.

जुना_अव्वल_कारकून
चुलत्यांना सांगा, काही संबंध नाही. रेशनकार्ड हा वारसाचा पुरावा नव्हे. नाव काढल्याने हक्क जात नाही आणि चढवल्याने येतही नाही. बहिणींची नावं मात्र फेरफाराला लागणारच, त्या लग्न होऊन गेल्या असल्या तरी. बाकी त्यासाठी वेगळा धागा काढा, इथे वाहून जाल.

निळू_देशी
एक मुद्दा. आता "एक देश एक रेशनकार्ड" आहे. देशात कुठेही अंगठा लावून धान्य मिळतं. मग बायकोचं नाव हलवायची गरजच काय? माहेरच्या कार्डावर राहू द्या, सासरच्या गावच्या दुकानात अंगठा लावा, पाच किलो घ्या. विषय संपला.

पुण्याची_पण_नाही
निळूभाऊ, हा प्रयोग आमच्या घरात झालाय. माझी बहीण लग्न होऊन चिंचवडला आली, नाव गावच्या कार्डावरच. तिने इथल्या दुकानात अंगठा लावला. दुकानदाराने मशीनवर जेवढं दिसलं तेवढं सगळं दिलं, चार माणसांचे वीस किलो. ही खूश, रिक्षा करून घरी आली. आठ दिवसांनी आई गावात दुकानात गेली तर दुकानदार म्हणे, "मावशी, तुमचं या महिन्याचं उचललं गेलंय, पुण्यात."

आईला वाटलं कुणीतरी चोरलं. तिने गावभर सांगितलं. नंतर चोर घरातलीच निघाली.

टपरीवरचा_चहा
😂😂 आणि ते वीस किलो परत एसटीने गावाला पाठवले का?

पुण्याची_पण_नाही
नाही, तांदळाचे पापड करून पाठवले.

जुना_अव्वल_कारकून
निळूभाऊ अर्धे बरोबर आहेत. कुटुंब ऊसतोडीला किंवा कामाला बाहेर गेलं तर त्या सोयीमुळे कार्ड हलवावं लागत नाही, ते फार चांगलं झालं. पण ती सोय धान्य कुठे घ्यायचं याची आहे, माणूस कुठल्या कुटुंबात मोजायचा याची नाही. कार्डाचा हिशोब एकच राहतो. मुलगी सासरी आणि नाव माहेरी ठेवलं तर दोन घरं एका पोत्यात हात घालतात. शिवाय बाळाचं नाव आईबापाबरोबर सासरच्या कार्डावर चढणार. मग आई एका कार्डावर आणि चार महिन्यांचं लेकरू दुसऱ्या कार्डावर, असा प्रकार होतो.

दुकान_नंबर_विसरलो
मी स्वतः रास्त भाव दुकान चालवतो, नाव-गाव विचारू नका. वर धागाकर्त्याचा दुकानदार म्हणाला "म्हातारीचं राहू द्या", त्यावर बोलतो. मीसुद्धा आधी लोकांना हेच सांगायचो. आता सांगत नाही.

पूर्वी घरातल्या कुणाही एकाचा अंगठा लागला की सगळ्या कार्डाचं धान्य निघायचं. अंगठा अजूनही एकाचाच लागतो, पण मध्ये ई-केवायसी आली. कार्डावरच्या प्रत्येकाने एकदा तरी मशीनसमोर येऊन आपण आहोत हे दाखवायचं. आता मेलेला माणूस कसा येणार? मशीनवर त्याच्यापुढे केवायसी बाकी असंच दिसत राहतं. शेवटी माझ्याकडे यादी येते आणि तलाठी-ग्रामसेवकाला घेऊन मला घरोघर विचारत फिरावं लागतं, "हे आजोबा कुठायत हो?" लोक फोटोकडे बोट दाखवतात. हार घातलेला.

रानमेवा
पण खरं सांगा, पाच किलोसाठी कुणी एवढं धावपळ का करावी? सरकार लाखो कोटींचं कर्ज माफ करतं, आणि आमच्या मेलेल्या आईच्या पाच किलोवर डोळा. आम्ही नाही काढलं दोन वर्षं. उगाच नाव काढायचं आणि मग नातवाचं चढत नाही. त्यापेक्षा आईच्या नावचं नातू खातो असं समजायचं. हिशोब तोच.

सुगरण_नाही_मी
हिशोब तोच कसा? आमच्या गल्लीत एक बाई धुणीभांडी करते. तिच्या पोराचं नाव धान्यात बसत नाही म्हणून तिला "जागा नाही" सांगितलंय. ती जागा तुमच्या आईंनी अडवलीय ना.

रानमेवा
माझ्या आईने अडवली नाहीये, ताई. आई गेली. नातवाचा अर्ज मी पण दिलाय, त्यालाही जागा नाहीच. तुम्ही मला चोर म्हणताय, पण मी नाव काढलं की ती जागा त्या बाईंच्या पोरालाच मिळेल याची हमी कोण देतो?

जुना_अव्वल_कारकून
दोघेही थांबा. रानमेवा, हमी कुणीच देत नाही, ते तुमचं खरं. पण माणूस गेल्यावर त्याच्या नावचं धान्य घेत राहणं ही चूकच, आणि उघडकीस आलं तर उचललेल्या धान्याची वसुली लागू शकते. पाच किलो महिन्याचे दोन वर्षांत एकशे वीस किलो होतात. ते फुकट मिळालं म्हणून फुकटच्या भावाने वसूल होणार नाही.

आता ते तिसरं, धान्याच्या यादीचं. महाराष्ट्राला या कायद्याखाली साधारण सात कोटी माणसांची मर्यादा ठरवून दिलेली आहे. तो आकडा २०११ च्या जनगणनेवर बेतलेला. ती मर्यादा जिल्ह्यांत वाटली, जिल्ह्यांनी तालुक्यांत. त्याला इष्टांक म्हणतात. तालुक्याचा इष्टांक भरला की पुढचं नाव कार्डावर चढतं, पण धान्यात बसत नाही. लोकांना वाटतं आपल्याला फसवलं. फसवलेलं नसतं, पण समजावूनही कुणी सांगत नाही. मृतांची, लग्न होऊन गेलेल्यांची नावं निघाली की तेवढी जागा होते.

चौथी_गल्ली
आमच्या शेजारच्या आजोबांचं कार्ड पिवळं, अंत्योदयाचं. त्यांची बायको वारली. ते घाबरून बसलेत की नाव काढलं तर पस्तीसचे साडेसतरा होतील. काय सांगू?

दुकान_नंबर_विसरलो
होणार नाहीत. अंत्योदयात पस्तीस किलो कार्डाला मिळतं, माणशी नाही. दोघं होते तेव्हा पस्तीस, एकटे राहिले तरी पस्तीस. बिनधास्त नाव काढा म्हणावं. उलट त्याच कार्डात सून, नातवंडं अशी पाच नावं वाढवली तरी पस्तीसच. तिथे वाढवून धान्य वाढत नाही.

फक्त कार्ड आजींच्या नावावर असेल तर प्रमुख बदलावा लागेल. घरात बाईमाणूस नसेल तर आजोबाच प्रमुख.

चौथी_गल्ली
धन्यवाद. आत्ताच जाऊन सांगितलं. म्हणाले, "लेखी दे." 🙂

बेळगावकर_आपलाच
तुमच्याकडे निदान वर्षभर खिडकी उघडी तरी असते. आमच्याकडे कर्नाटकात दुरुस्तीचं पोर्टल अधूनमधून काही दिवसच उघडतं. मग सगळं गाव केंद्राबाहेर. माझ्या पोराचं नाव चढायला तो शाळेत जायला लागला.

वांगी_भरीत
पहिली फेरी झाली. कळवतो.

सासऱ्यांनी त्यांच्याकडे नमुना ९ दिला, लग्नाचा दाखला आणि बायकोचं आधार जोडलं. पुस्तकात रेघ लगेच मारली (लालच). काकांनी सांगितलं म्हणून मी रोज रात्री ती साइट बघत होतो. तेराव्या दिवशी नाव गेलं. बायको म्हणाली, "अहो, गेले बघा मी." तिला हसू येत होतं आणि नव्हतंही.

मग मी आमच्या तालुक्याला गेलो. आजीचा मृत्यूचा दाखला दिला आणि तिथेच अडलं. दाखल्यावर नाव "पार्वती", कार्डावर आणि आधारवर "पारूबाई". खिडकीवरचा माणूस म्हणाला, ही दोन माणसं आहेत. मी म्हटलं, साहेब, पारूबाई तर गेली, आता पार्वतीला कुठून आणू? हसला, पण घेतला नाही. आता ग्रामपंचायतीत दुरुस्ती करून घेऊ का?

जुना_अव्वल_कारकून
आजी घरी गेल्या की दवाखान्यात?

वांगी_भरीत
जिल्ह्याच्या दवाखान्यात, काका. तिथे भरती करताना भावाने नाव सांगितलं होतं. त्याला वाटलं कागदावर चांगलं नाव हवं.

जुना_अव्वल_कारकून
मग ग्रामपंचायतीत जाऊन उपयोग नाही. मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथेच होते, राहता गाव कुठलं का असेना. दाखल्याच्या खाली निबंधकाचा शिक्का कुठला आहे ते बघा, दुरुस्ती तिथेच होईल. आजींच्या आधारची प्रत आणि दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं स्वयंघोषणापत्र साध्या कागदावर न्या. स्टॅम्प पेपर आणा असं कुणी म्हणालं तर नियम दाखवा म्हणावं.

काही ठिकाणी दाखला दुरुस्त न करता नुसत्या स्वयंघोषणापत्रावर नाव कमी करतात. खिडकीवरच्या माणसावर आहे. पण तुम्ही दाखलाच नीट करून घ्या. तो पुढे बँकेला, पेन्शनला, तुमच्या सातबाऱ्याला, सगळीकडे लागणार. रेशनकार्डाने तो घोळ लवकर दाखवला हे बरंच झालं.

कोकणचा_माका
बघा, सातबारा आलाच शेवटी.

टपरीवरचा_चहा
😂

बाळाची_आत्या
बाळाचं कुणी बोललंच नाही. जन्मदाखल्यात बाळाचं नाव लिहून घेतलंय का? आमच्याकडे बारसं व्हायच्या आधीच दाखला आला, नावाची जागा कोरी. तोच पुढे लावला तर कार्डावर "बेबी ऑफ" असं काहीतरी चढलं आणि आधारवर खरं नाव. आता दोन्ही जुळेनात. आधी जन्मदाखल्यात नाव घालून घ्या, वर्षाच्या आत फी लागत नाही. मग त्या दाखल्यावरून बाळाचं आधार, आणि मग कार्ड. त्या क्रमाने गेलात तर तीन कागदांवर एकच पोरगी दिसेल.

वांगी_भरीत
आत्या, बरं झालं सांगितलंत, आमची जागाही कोरीच आहे. म्हणजे परत सासुरवाडीच्या नगरपालिकेत. बाळाचे बोटांचे ठसे लागतात का आधारला?

बाळाची_आत्या
नाही, पाच वर्षांपर्यंत नुसता फोटो, आणि आईचा नाहीतर बापाचा अंगठा. फोटोच्या वेळी ती रडणार हे गृहीत धरा. आमच्या आधारवर भाचा पाच वर्षं तोंड वासून आहे.

निळू_देशी
एवढं सगळं वाचून मी माझं वाक्य मागे घेतो. "घरबसल्या" हा शब्द तरी.

वांगी_भरीत
बऱ्याच महिन्यांनी परत आलोय, धागा वर काढतो. ज्यांना पुढे लागेल त्यांच्यासाठी जसं झालं तसं लिहितो.

आजीच्या दाखल्यात "पार्वती उर्फ पारूबाई" असं करून मिळालं, दोन फेऱ्या. मुलीचं नाव जन्मदाखल्यात घातलं, आधार काढलं (रडली). मग आमच्या तहसीलला सगळं एकत्र दिलं: आजीचं कमी, आई प्रमुख, बायको आणि मुलगी वाढ. खिडकीवर आता बाई होत्या, त्यांनी सगळं नीट बघितलं आणि पोच दिली. काकांनी फोनवर बजावलं होतं, पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नकोस. ती कामाला आली, कारण तीन आठवड्यांनी अर्ज सापडत नाही म्हणाले, तेव्हा पोचेवरच्या नंबरवरून पाच मिनिटांत सापडला. पंधराशेवाल्याकडे गेलो नाही. एकूण खर्च झेरॉक्स, एसटी आणि सासुरवाडीला नेलेले पेढे.

नवीन कार्ड आलं. आईचा फोटो पहिल्यांदा सरकारी कागदावर सगळ्यात वर. सहा नावं आहेत.

पण दुकानात गेलो तर मशीनवर वीसच किलो. म्हणजे आजीचं गेलं, आणि बायको-मुलीचं आलंच नाही. संगणकात सहाही नावं दिसतात. हेच का ते तुमचं तिसरं, काका?

दुकान_नंबर_विसरलो
कुठल्या तारखेला मंजूर झालं? महिन्याचं नियतन, म्हणजे दुकानाला किती धान्य द्यायचं ते, आधी ठरतं. मध्येच चढलेलं नाव पुढच्या किंवा त्याच्या पुढच्या महिन्यात मशीनवर येतं. आणि वहिनींची केवायसी नव्या कार्डावर झालीय का ते बघा. बाळाला लागत नाही.

वांगी_भरीत
मंजुरीला पावणेदोन महिने झाले. बायकोची केवायसी दुकानातच करून घेतली, हिरवं आलं.

जुना_अव्वल_कारकून
मग इष्टांकच. तहसीलला वेगळा अर्ज द्या, "वाढीव सदस्यांना प्राधान्य कुटुंब योजनेचा लाभ मिळणेबाबत". त्यात स्पष्ट लिहा की याच कार्डावरून एक मृत सदस्य कमी झालेला आहे. आणि वहिनींचं माहेरचं कार्डही प्राधान्याचं असेल तर तेही लिहा, म्हणजे त्या आधीपासून लाभार्थी होत्या, नवीन नाहीत. उत्पन्नाची अट ग्रामीण भागात वर्षाला चव्वेचाळीस हजारांची आहे, शहरात एकोणसाठ. उत्पन्नाचा दाखला मागितला तर तयारीत असा.

माझ्या मते तरी, घरातलं एक युनिट गेलं तर घरातलंच एक बसायला हवं. आम्ही तसं करायचो. पण तुमच्या तालुक्यात कमी झालेली जागा प्रतीक्षा यादीतल्या पहिल्याला देत असतील तर तेही चूक म्हणता येणार नाही.

रानमेवा
मी काय म्हणत होतो? पंचवीसचे वीस झाले ना शेवटी. राहू दिलं असतं तर पंचवीस होते.

सुगरण_नाही_मी
आणि केवायसी? ती कुणी केली असती?

रानमेवा
ते आहे म्हणा. आमचंही थांबलंय गेल्या महिन्यापासून, आईसकट सगळ्या कार्डाचं. तहसीलला बोलावलंय सोमवारी. मृत्यूचा दाखला लागेल ना? मूळ की झेरॉक्स?

जुना_अव्वल_कारकून
झेरॉक्स द्या, मूळ दाखवायला बरोबर ठेवा. आणि नावाचं स्पेलिंग आधी घरी जुळवून बघा.

वांगी_भरीत
अर्ज दिला आज. पोच घेतली. नंबर आला की कळवतो. आई म्हणते, नाही आलं तरी चालेल, पण पुस्तकाला प्लास्टिकचं कव्हर घालून आण.